मुहूर्त नऊचा की एकचा? : लग्नपत्रिकेतली अक्षरं

लग्नसराई जवळ आली की मस्तगडला आमच्या गटाच्या संगणकापुढे पत्रिका जुळवून घ्यायला बायका येऊन बसतात. आमच्यातल्या दोघी हे काम करतात. मजकूर टाइप करायचा, मथळ्याला सुंदर वळणाची अक्षरं घ्यायची आणि छापखान्याला फाइल द्यायची, असं ते काम. आज त्याबद्दलच बोलू, आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करू.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका मुलीच्या लग्नाची पत्रिका केली. मथळ्याला ‘शुभविवाह’ असं वेलबुट्टीच्या वळणात घेतलं. ते इतकं छान दिसलं की घरच्यांनी सांगितलं, सगळी पत्रिकाच या अक्षरात करा. आम्ही केली. मुहूर्त होता सकाळी नऊ पस्तीसचा. पत्रिकेत छापलं, ‘शुभमुहूर्त ९ वा. ३५ मि.’ त्या वळणात नऊच्या आकड्याचं पोट बारीक होतं आणि शेपटी लांब, म्हणजे जवळपास एकच. शिवाय ‘सकाळी’ हा शब्द आम्ही जागा पुरेना म्हणून गाळला होता. मुलीच्या मामांना भोकरदनकडच्या त्यांच्या गावी मोबाइलवर पत्रिकेचा फोटो गेला. त्यांनी वाचलं एक पस्तीस. बारा वाजता ते मांडवाच्या दारात उतरले, तेव्हा पंगती उठत होत्या. भाचीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, आणि तो दुसऱ्याच कुणीतरी पार पाडला होता. मामा कुणाला काही बोलले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

त्यानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. नक्षीचं अक्षर फक्त मथळ्याला. म्हणजे ‘शुभविवाह’ किंवा ‘लग्नपत्रिका’ हा शब्द, आणि फार तर वधूवरांची नावं. तारीख, वेळ, ठिकाण, फोन नंबर हे सगळं साध्या, सरळ अक्षरात. याचं कारण असं की ओळखीच्या शब्दातलं एखादं अक्षर नीट दिसलं नाही, तरी बाकीच्या अक्षरांवरून आणि संदर्भावरून तो ओळखता येतो. ‘शुभविवाह’ कितीही वळवळीत लिहा, बाई बरोबर वाचते. आकड्याचं तसं नाही. नऊच्या जागी एक वाचला तरी वाक्याचा अर्थ लागतोच, त्यामुळे आपण चुकलो हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

आता मापं सांगतो. पाच इंच रुंद आणि सात इंच उंच कार्डाला आम्ही मथळा ३६ पॉइंटचा घेतो. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजे हा मथळा साधारण अर्धा इंच झाला. खालचा मजकूर १३ किंवा १४ पॉइंट. १२ च्या खाली गेलं की आजीला चष्मा लावूनही त्रास होतो. फुकट मिळणारे चांगले मराठी फॉन्ट आता बरेच आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट नावासारखाच गुबगुबीत आहे. मथळ्याला तो खुलतो, पण त्याच्या अक्षरांच्या आतली मोकळी जागा रेषेएवढीच असल्यामुळे लहान केला की नुसते काळे ठिपके दिसतात. ‘यात्रा वन’ हा रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला आहे. आतल्या मजकुराला आम्ही एक टाइपचाच ‘मुक्ता’ घेतो. तो साधा आहे आणि त्यात बारीक ते जाड असे बरेच प्रकार मिळतात.

फॉन्ट सुंदर दिसला म्हणून लगेच घ्यायचा नाही, आधी त्याची परीक्षा घ्यायची. पुष्कळ फॉन्ट हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि मराठीची खास अक्षरं त्यांत नीट नसतात. आम्ही हे एकच वाक्य टाइप करून बघतो : ‘शुभविवाह सोहळ्यास सकल वऱ्हाडी मंडळींनी मुहूर्तावर येऊन आशीर्वाद द्यावेत.’ यात काय पाहायचं ते सांगतो.

पहिला पाहायचा शब्द ‘वऱ्हाडी’. यातला अर्धा र पापणीसारखा आडवा येतो. फॉन्टला तो माहीत नसेल तर र च्या खाली टिंब दिसतं आणि पाय मोडलेला दिसतो. कधी चूक टाइप करणारीची असते. ऱ च्या जागी साधा र घेतला की ‘वर्हाडी’ होतं, रफार उडी मारून ह च्या डोक्यावर बसतो. फोनवर टिंबाचा ऱ, मग पाय मोडायची खूण, मग ह असं टाइप करायचं. हा फरक दिसण्यापुरता नाही. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. शिधा कुणाला द्यायचा, हेच बदलतं!

दुसरं, ‘शुभविवाह’मधली वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी व च्या आधी दिसायला हवी. ती व च्या नंतर दिसली, किंवा ‘द्यावेत’मधलं जोडाक्षर फुटून द आणि या वेगळे दिसले, तर फॉन्ट किंवा ज्या अ‍ॅपमध्ये काम चाललंय ते देवनागरी जुळवू शकत नाही. दोन्ही बदलून बघायचं. एखादं अक्षर इतरांपेक्षा वेगळ्याच घडणीचं दिसलं तर समजायचं की ते या फॉन्टमध्ये नाही आणि संगणकाने दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणलंय.

तिसरं, ल आणि श यांचं वळण. आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदी वळणाचा ल आणि श वेगळे दिसतात. राज्य शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठी वळणच धरलेलं आहे. हिंदी वळणाने अर्थ बिघडत नाही, पण मथळ्यातल्या ‘लग्न’ शब्दाचं पहिलंच अक्षर परकं वाटतं. टाइप करताना अक्षर तेच असतं, वळण फॉन्ट ठरवतो. म्हणून तो निवडतानाच बघून घ्यायचा.

आता एक नेहमीची अडचण. एक ताई छापखान्यातून मजकूर फोनवर मागवून घेतात आणि तो भलताच दिसतो. ‘लग्न’च्या जागी `yXu` असं काहीतरी येतं. फाइल खराब झालेली नसते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. y ला ल चं, X ला अर्ध्या ग चं, u ला न चं. तुमच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसला की रूप गळून पडतं आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. हल्ली फोनवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोड. त्यात ल हा ल म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो कुठल्याही फोनवर वाचता येतो. तेव्हा मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करायचा. छापखाना जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर त्यांच्याकडून मजकूर न मागता पत्रिकेचं चित्र किंवा पीडीएफ मागायची.

उलट अडचणही येते. आपण निवडलेला फॉन्ट छापखान्याच्या संगणकात नसतो, आणि फाइल उघडताच मथळा साधा होऊन बसतो. त्यावर उपाय म्हणजे फाइल देण्याआधी मथळ्याच्या अक्षरांचं ‘कर्व्ह’ करायचं, म्हणजे अक्षराची आकृती करून टाकायची. मग फॉन्ट लागतच नाही. पण आकृती झाल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. म्हणून आधी प्रूफ वाचायचं, मग कर्व्ह, आणि कर्व्ह न केलेली मूळ प्रत आपल्याजवळ जपून ठेवायची.

आता कार्यक्रमाच्या ओळी. तीच पत्रिका आज आम्ही अशी जुळवू :

हळद : शनिवार, २५ एप्रिल २०२६, संध्याकाळी ५ वाजता
सीमांतपूजन : रविवार, २६ एप्रिल २०२६, सकाळी ८ वाजता
शुभमुहूर्त : रविवार, २६ एप्रिल २०२६, सकाळी ९.३५ (नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी)
भोजन : मुहूर्तानंतर, सकाळी ११ वाजल्यापासून

प्रत्येक ओळीत वार, तारीख आणि दिवसाची वेळ पुन्हा लिहिली आहे. कारण दोन दिवसांच्या कार्यक्रमात ‘सकाळी ८’ एवढंच लिहिलं की कोणती सकाळ हा प्रश्न उरतो. मुहूर्त आकड्यात आणि अक्षरात असा दोन्हींत, बँकेच्या चेकवर रक्कम लिहितात तसा. आकडा पुसट झाला तरी शब्द वाचता येतो. वार आणि तारीख कॅलेंडर समोर ठेवून जुळवायचे. मागच्या वर्षीची पत्रिका उघडून तिच्यात बदल केला की तारीख नवी आणि वार जुना राहतो, हे आमच्याकडे दोनदा झालं आहे.

ठिकाणाचंही तसंच. जालन्यातल्या माणसाला ‘मस्तगड’ म्हटलं की पुरतं, कारण हे इथल्या जुन्या गढीचं नाव आहे. पण बाहेरगावच्या वऱ्हाडाला कुंडलिकेच्या अलीकडचं जालना आणि पलीकडचं जालना यांतला फरक माहीत नसतो. म्हणून आधी कार्यालयाचं नाव, मग जवळची ठळक खूण, मग वस्ती आणि जुना जालना की नवा जालना, मग शहर आणि जिल्हा, आणि शेवटी त्या दिवशी फोन उचलेल अशा माणसाचा नंबर. नवरदेवाच्या वडिलांचा नंबर देऊ नका, ते मांडवात असतात. नकाशाची लिंक पाठवायची असेल तर खूण कार्यालयाच्या फाटकावर उभं राहून घ्यायची. घरबसल्या घेतली की ती मागच्या गल्लीतही पडू शकते.

मोबाइलवर पत्रिका फोटो म्हणून पाठवली की तो फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुगतात. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, आणि खाली वेळ व ठिकाण साध्या मजकुरात टाइप करायचं. मामांना तसं केलं असतं तर नऊ पस्तीस शब्दांतच गेलं असतं.

आणि छापायला देण्याआधी शेवटची तपासणी. घरच्या माणसांना मुहूर्त पाठच असतो, त्यामुळे ते चुकीचंही बरोबरच वाचतात. म्हणून पत्रिका शेजारच्या एखाद्या आजीच्या हातात द्यायची, संध्याकाळच्या उजेडात, आणि म्हणायचं, ‘आजी, लग्न कधी आहे, कुठे आहे, मोठ्यानं वाचा बरं.’ त्या जिथे अडखळतील तिथलं अक्षर बदलायचं. त्याच ताईंच्या धाकट्या मुलीची पत्रिका आम्ही अशीच वाचून घेतली. पहिली प्रत मामांना हातात नेऊन दिली, आणि या वेळी बोहल्यावर भाचीला तेच घेऊन आले.