बिल मंजूर होण्याआधीची तिहेरी पडताळणी

पुरवठादाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी ते दोन कागदांशी ताडून पाहायचे असते. पहिला कागद खरेदी आदेशाचा, म्हणजे पीओचा: काय मागवले, किती आणि कोणत्या दराने. दुसरा माल आवक नोंदीचा, म्हणजे जीआरएनचा: गेटमधून किती माल आत आला आणि तपासणीनंतर त्यातला किती स्वीकारला. बिल हा तिसरा कागद. तिन्ही जुळले तरच पैसे सोडायचे, ही तिहेरी पडताळणी. महागडी प्रणाली परवडत नाही अशा छोट्या कारखान्यात ती एक्सेलसारख्या शीटमध्येही नीट होते.

बहुतेक ठिकाणी मात्र फक्त बिलाची एकूण रक्कम आणि पीओची एकूण रक्कम शेजारी ठेवून पाहिली जाते. ते पुरेसे नाही, कारण माल हप्त्याहप्त्याने येतो, बिलेही तशीच येतात आणि फरक एकेका ओळीत लपतो.

समजा, पंप बनवणाऱ्या कारखान्याने 6204 क्रमांकाची 200 बेअरिंग प्रत्येकी 120 रुपयांनी मागवली. पहिल्या खेपेत 120 नग आले आणि सगळे स्वीकारले गेले. दुसऱ्या खेपेत 80 आले, पण तपासणीत 6 नाकारले गेले, उरले 74. पुरवठादाराचे पहिले बिल 120 नगांचे, बरोबर दराचे. दुसरे बिल 80 नगांचे आणि दर 125 रुपये, म्हणजे जीएसटी सोडून 10,000 रुपये. देणे आहे 74 नगांचे 120 रुपयांनी, म्हणजे 8,880. जास्तीच्या 1,120 रुपयांपैकी 720 नाकारलेल्या मालाचे आणि 400 वाढवलेल्या दराचे. तुलना जीएसटी वगळूनच करावी, नाहीतर कराचा फरक आणि दराचा फरक एकमेकांत मिसळतात.

शीटमध्ये यासाठी PO, GRN आणि BILL अशी तीन पाने करायची. प्रत्येक पानावर A स्तंभात पीओ क्रमांक आणि B मध्ये वस्तूचा कोड. PO पानावर C मध्ये नग, D मध्ये दर; GRN पानावर C मध्ये जीआरएन क्रमांक, D मध्ये स्वीकारलेले नग (आलेले नव्हेत); BILL पानावर C मध्ये बिल क्रमांक, D मध्ये नग, E मध्ये दर. मग BILL पानावर ही सूत्रे लिहून खाली ओढायची:

```
F2: =MIN(SUMIFS(PO!C:C,PO!A:A,A2,PO!B:B,B2),SUMIFS(GRN!D:D,GRN!A:A,A2,GRN!B:B,B2))
G2: =SUMIFS(D$2:D2,A$2:A2,A2,B$2:B2,B2)-F2
H2: =ROUND(E2-SUMIFS(PO!D:D,PO!A:A,A2,PO!B:B,B2),2)
```

F मध्ये मागवलेले आणि स्वीकारलेले यांतला लहान आकडा येतो. तेवढ्याच नगांचे पैसे देणे लागते. G मध्ये आजवर बिलात लावलेल्या एकूण नगांतून तो आकडा वजा होतो, H मध्ये दराचा फरक दिसतो. वरच्या उदाहरणात दुसऱ्या बिलासमोर G मध्ये 6 आणि H मध्ये 5 येईल. G शून्याहून मोठा किंवा H शून्याव्यतिरिक्त काहीही असेल, तर बिल थांबवायचे. दोन फरकांसाठी दोन स्तंभ मुद्दाम ठेवले आहेत. एकाच IF मध्ये सगळे कोंबले की पहिली चूक दुसरीला झाकते. VLOOKUP इथे उपयोगाचे नाही, कारण ते जीआरएनची पहिलीच ओळ उचलते आणि दुसरी खेप सोडून देते.

शीट फसते ती नोंदींमुळे. कोडच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली की SUMIFS चूक न दाखवता गुपचूप शून्य देते. अशा वेळी H मध्ये अख्खा दरच फरक म्हणून दिसतो. तसे झाले की आधी कोड तपासावा. पीओमध्ये तीच वस्तू दोन ओळींत असेल तर दरांची बेरीज होते, तेव्हा ओळ क्रमांकही जोडावा लागतो. पीओ डझनाचा आणि बिल नगांचे, हा घोळ तर नेहमीचाच.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र शीटबाहेरची आहे. स्टोअरकीपरने बिलावरचा आकडा पाहूनच जीआरएन भरला, तर तिन्ही कागद हुबेहूब जुळतात आणि पडताळणी निरर्थक ठरते. म्हणून मोजणी करणाऱ्याला पीओची नग न छापलेली प्रत देण्याची पद्धत आहे.

फरक सापडल्यावर पुरवठादाराकडून क्रेडिट नोट घ्यावी किंवा दरवाढ खरोखर मान्य असेल तर पीओ रीतसर दुरुस्त करावा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर मालाबद्दलची हरकत माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवावी. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार तशी हरकत नसेल, तर पैसे देण्याची मुदत माल पोहोचल्या दिवसापासूनच मोजली जाते.