सत्तावीसऐवजी नऊ चाचण्या

मुंबई-दुबई विमानाची तिकिटं विकणारी एक वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. प्रवासी ती क्रोममध्ये उघडेल, फायरफॉक्समध्ये किंवा एजमध्ये. त्याचा संगणक विंडोजवर, मॅकवर किंवा लिनक्सवर चालत असेल. भाषा त्याने मराठी, इंग्रजी किंवा अरबी निवडलेली असेल. तीन ब्राउझर, तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि तीन भाषा म्हणजे २७ जोडण्या. पडद्यावरचा झूम १००, १२५ की १५० टक्के, हा चौथा मुद्दा धरला की ८१. नवी आवृत्ती दर आठवड्याला निघत असेल, तर हे सगळं दर वेळी तपासायला कोणाला सवड असते?

मग कपात करायची, पण कशी? मनाला येतील त्या जोडण्या गाळल्या तर नेमकं काय तपासायचं राहिलं, हेही कळत नाही. ‘पेअरवाइज टेस्टिंग’मध्ये कपातीला एक अट असते: कोणत्याही दोन मुद्द्यांची प्रत्येक जोडी निदान एका चाचणीत आलीच पाहिजे. आपल्या उदाहरणात ही अट नऊ चाचण्यांत पुरी होते:

| ब्राउझर | सिस्टिम | भाषा |
|---|---|---|
| क्रोम | विंडोज | मराठी |
| क्रोम | मॅक | इंग्रजी |
| क्रोम | लिनक्स | अरबी |
| फायरफॉक्स | विंडोज | इंग्रजी |
| फायरफॉक्स | मॅक | अरबी |
| फायरफॉक्स | लिनक्स | मराठी |
| एज | विंडोज | अरबी |
| एज | मॅक | मराठी |
| एज | लिनक्स | इंग्रजी |

कोणतीही जोडी शोधून पाहा. विंडोज आणि अरबी? सातवी ओळ. एज आणि मराठी? आठवी. गंमत म्हणजे झूमच्या तीन किमतीही याच नऊ ओळींत अशा बसवता येतात की त्यांच्या सगळ्या जोड्या होतात. म्हणजे ८१ जोडण्यांनाही चाचण्या नऊच.

पण जोड्याच का? कारण बहुतेक दोषांना बिघडायला एखाददुसरं निमित्त पुरतं. मराठीत वेबसाइट भाडं ‘१२,५००’ असं देवनागरी अंकांत दाखवते आणि तोच मजकूर पुढे संख्या म्हणून वाचायला जाते, तेव्हा हिशेब कोसळतो. इथे ब्राउझर कोणता याने फरक पडत नाही, दोषी एकटी भाषा. रिचर्ड कुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिकेतल्या अशा दोषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमधले ९७ टक्के दोष एका किंवा दोन मुद्द्यांमुळे उघडे पडणारे होते. एका ब्राउझरच्या दोषांत मात्र हे प्रमाण ७६ टक्के होतं, आणि तीन मुद्द्यांपर्यंत गेल्यावर ९५.

आता समजा, पाचवी चाचणी फसली: फायरफॉक्स, मॅक, अरबी. तारीख निवडायची चौकट पडद्याबाहेर गेली. दोष कोणाचा? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मॅकच्या जागी विंडोज घेतलं तरी चौकट बाहेरच, म्हणजे मॅक सुटला. फायरफॉक्सऐवजी क्रोम घेतल्यावर ती जागेवर आली, अरबीऐवजी इंग्रजी घेतल्यावरही आली. गुन्हेगार सापडला: फायरफॉक्स आणि अरबी ही जोडी.

या पद्धतीची मर्यादाही याच तक्त्यात दिसते. एखादा दोष फायरफॉक्स, विंडोज आणि मराठी हे तिन्ही एकत्र आले तरच उमटत असेल, तर तो निसटतो. यातल्या तिन्ही जोड्या तक्त्यात आहेत, पण वेगवेगळ्या ओळींत. हे त्रिकूट कुठेच नाही. २७ त्रिकुटांपैकी नऊच इथे तपासली जातात.

दुसरा धोका आपणच ओढवून घेतो. यादीत सफारी घातला, पण तो आता विंडोज आणि लिनक्सवर मिळत नाही हे तक्ता बनवणाऱ्या प्रोग्रामला सांगितलंच नाही, तर तो ‘सफारी, विंडोज, अरबी’ अशी ओळ बिनदिक्कत देतो. चाचणी करणारा ती अशक्य म्हणून खोडतो. पण विंडोज आणि अरबी ही खरीखुरी जोडी फक्त त्याच ओळीत असेल, तर तीही खोडली जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या ‘पिक्ट’सारख्या मोफत साधनांत अशा अटी आधीच लिहायची सोय असते. आपल्या उदाहरणात सफारीला मॅकपुरतं बांधलं की त्याच्या तीन भाषांच्या तीन ओळी वाढतात, आणि शक्य असलेल्या ३० जोडण्यांचं काम १२ चाचण्यांत होतं.

तेव्हा रोजच्या तपासणीला जोड्या पुरेशा आहेत. मात्र जिथे पैसे कापले जातात किंवा औषधाची मात्रा ठरते, तिथे त्रिकुटांचा तक्ता बनवावा. तीन मुद्द्यांच्या आपल्या उदाहरणात तर मुकाट्याने सगळ्या २७ चाचण्या कराव्यात.