पावसात काचेवर वाफ धरली? आधी बोट फिरवा, मग बटण दाबा

काच आतून धुकट की बाहेरून, हे कळल्याशिवाय एसीला हात लावू नका. ड्युअल झोन गाडीत एक चूक हमखास होते

छत्रपती संभाजीनगर : सकाळी सातची वेळ, रिमझिम सुरू. पुंडलिकनगरातून चौघांचं कुटुंब कन्नडकडे निघालेलं. छत्र्या ओल्या, चपला ओल्या, अंगावरचे कपडे निम्मे भिजलेले. पाऊस आत येऊ नये म्हणून काचा वर, आणि 'एसीची थंडी नको' म्हणून एसी बंद. गाडी जालना रोडला लागेपर्यंत समोरची काच दुधासारखी पांढरी झालेली असते. चालक एका हाताने स्टेअरिंग धरतो, दुसऱ्या हाताने फडकं मारतो. अशा वेळी पुढे चाललेली, मागचा दिवा बंद असलेली दुचाकी दिसते ती अगदी जवळ आल्यावर.

हे चित्र पावसाळ्यात जवळपास प्रत्येक गाडीत दिसतं. उपाय गाडीतच असतो, पण बटणं चुकीच्या क्रमाने दाबली की वाफ कमी होण्याऐवजी वाढते.

पाच मिनिटांत काच का पांढरी होते?

मध्यम आकाराच्या गाडीत साधारण 3 घनमीटर हवा मावते. 26 अंशांच्या एवढ्या हवेत जास्तीत जास्त 73 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. पावसाळी हवेत आर्द्रता 80 टक्के धरली, तर त्यातले 58 ग्रॅम निघतानाच भरलेले असतात. जागा उरते फक्त 15 ग्रॅमची. बसलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला 40 ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चौघांचं मिळून मिनिटाला अडीच ग्रॅमहून जास्त. म्हणजे बंद गाडीत सहा मिनिटांच्या आत हवा भरून जाते. ओल्या छत्र्या आणि पायपुसणी वेगळीच.

काचेचं तर त्याहून लवकर होतं. पावसाच्या पाण्याने काच 22 अंशांवर आली, तर तिच्या लगतची हवा मुळात 58 ग्रॅमच्या हिशोबाएवढंच पाणी धरू शकते. त्यामुळे गाडीत माणसं बसून दारं लागली की लगेच थेंब धरायला सुरुवात होते.

आधी बोट, मग बटण

काचेच्या आतल्या बाजूने बोट फिरवायचं. रेघ उमटली तर वाफ आतून आहे. रेघ उमटली नाही, पण वायपर मारताच काच साफ झाली, तर वाफ बाहेरून आहे. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून हे तपासणं महत्त्वाचं.

वाफ आतून असेल तर

पुढच्या काचेचं डीफॉग बटण दाबायचं. त्यावर पंख्याच्या आकाराची काच आणि वर जाणारे नागमोडी बाण असतात. मागच्या काचेच्या बटणावर चौकोन असतो, तो वेगळा. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत हे एक बटण चार कामं करतं : एसीचा कॉम्प्रेसर चालू होतो, हवा काचेकडे वळते, पंख्याचा वेग वाढतो आणि बाहेरची हवा आत येऊ लागते.

त्यानंतर तापमान वाढवायचं, 25-26 अंशांवर. इथे अनेकांचा गोंधळ होतो. एसी चालू आणि हवा गरम, हे कसं? एसीचं इथलं काम थंड करणं नसून हवा वाळवणं आहे. हवा आधी एसीच्या थंड जाळीवरून जाते, तिच्यातलं पाणी तिथे गळून नळीने गाडीखाली पडतं. मग हीटर तिला पुन्हा कोमट करतो. कोरडी आणि कोमट हवा काचेवरची वाफ पटकन शोषते. इंजिन नुकतंच चालू केलं असेल तर हवा लगेच कोमट होत नाही, पण वाळवण्याचं काम तेवढ्यातही सुरू झालेलं असतं. साधारण एक-दोन मिनिटांत काच खालून वर साफ होत जाते.

'बाहेर एवढा पाऊस, बाहेरची हवा कशाला?' असा प्रश्न येतो. बाहेरची हवा दमट असली तरी एसीवरून येताना वाळते, आणि माणसांच्या श्वासाची वाफ बाहेर ढकलली जाते. आतलीच हवा फिरवणारं रिसर्क्युलेशन एसी जोरात चालू असताना चालून जातं. पुढच्या ट्रकचा धूर किंवा नाल्याचा वास आला तर थोडा वेळ लावायला हरकत नाही. पण आत थंडावा झाला म्हणून कॉम्प्रेसर थांबला, की तीच हवा पुन्हा ओली होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे काच साफ होताच एसी बंद करणं. जाळीवर साचलेलं पाणी वाफ होऊन पंख्याबरोबर थेट काचेवर येतं आणि क्षणात सगळं पांढरं होतं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांतही असंच घडू शकतं. त्यामुळे पाऊस थांबेपर्यंत ती सोय बंद ठेवलेली बरी.

वाफ बाहेरून असेल तर

आता उलटं. एक्सयूव्ही 700, स्कॉर्पिओ-एन, हॅरिअर अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये ड्युअल झोन एसी असतो. चालकाला एक तापमान, शेजारच्याला दुसरं. समजा चालकाचं 25 आहे आणि डावीकडे बसलेल्याने 18 लावलंय. ज्या गाड्यांत काचेकडे जाणारी हवाही डावी-उजवी वेगळी असते, तिथे डावी बाजू जास्त थंड होते. बाहेर 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर 23 अंशांखाली गेलेल्या काचेवर बाहेरून दव पडतं. मग उजवी बाजू स्वच्छ आणि डावी धुकट, असं विचित्र दृश्य दिसतं. डावीकडून रस्ता ओलांडणारा माणूस नेमका तिथेच लपतो.

अशा वेळी डीफॉग चालू ठेवून तापमान कमी केलं, तर काच आणखी थंड होते आणि दव वाढतं. आधी वायपर मारायचा. मग सिंक बटण दाबून दोन्ही बाजू एकाच तापमानावर आणायच्या, तापमान 25-26 करायचं आणि हवा काचेवरून काढून छातीकडे किंवा पायाकडे वळवायची. बहुतेक गाड्यांत सिंक लावलं की चालकाचं तापमान दोन्हीकडे लागू होतं. पावसात ते लावूनच ठेवलेलं सोयीचं.

तरीही काच साफ होत नसेल तर

दहा मिनिटं एसी चालवून गाडी कोरड्या शेडखाली उभी करावी. खाली पाणी ठिबकलं पाहिजे. थेंबही नसेल आणि डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागत असेल, तर पाणी जाणारी नळी तुंबली आहे. ते पाणी गाडीतच साचून काच धुकट करतंय. कार्पेट कोरडं असूनही ठिबकत नसेल, तर कॉम्प्रेसर चालतो का आणि गॅस पुरेसा आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावं. पंखा फुल असूनही हवा मंद येत असेल, तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर धुळीने भरलेला असू शकतो. काचेवर आतून तेलकट थर आणि गोडसर वास असेल, तर हीटरमधून कूलंट गळत असल्याची शक्यता आहे. अशा वेळी गॅरेजला जाणं टाळू नये.

आणि घाटात काच अचानक पांढरी झाली तर? आधी वेग कमी करायचा, समोरच्या दोन्ही काचा दोन बोटं खाली घ्यायच्या आणि लगेच डीफॉग दाबायचं. फडकं शेवटी. ओल्या हाताने किंवा मळक्या फडक्याने पुसलं की काचेवर तेलकट थर बसतो, आणि पुढच्या सरीत थेंब त्याच जागी आधी धरतात.