तक्रार नको, आधी रद्द करा

समजा, साताऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका मुदत संपलेल्या एफडीचे पैसे पुन्हा ठेवायला बँकेत जातात. टेबलापलीकडचा तरुण सांगतो, "मॅडम, एफडीत आता काय राहिलंय? वर्षाला १ लाख, दहाच वर्षं भरायचे. १० लाखांचे २० लाख होतात, शंभर टक्के गॅरंटी. म्हणजे वर्षाला १० टक्के पडले." बाई सही करतात. काही दिवसांनी घरी जाडजूड पाकीट येतं, आणि ते एफडीचं नसतं. ती असते आयुर्विमा पॉलिसी, आणि २० लाख मिळणार असतात विसाव्या वर्षाच्या शेवटी.

इथे गॅरंटी खोटी नाही. २० लाखांचा आकडा बॉण्डमध्ये छापलेला असतो आणि कंपनी तो देतेही. खोटा आहे तो १० टक्क्यांचा हिशेब. दहा वर्षं दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख भरून विसाव्या वर्षाअखेर २० लाख हातात आले, तर चक्रवाढीनं वार्षिक परतावा साधारण साडेचार टक्के पडतो. विकणाऱ्यानं १०० टक्के नफ्याला दहानं भागलं आणि पैसे वीस वर्षं अडकणार हे सांगितलंच नाही.

अशा वेळी बहुतेक लोक रागारागात लांबलचक तक्रार लिहितात, आणि तिथेच हातची संधी निसटते. फसवणुकीची तक्रार म्हटली की कंपनी चौकशी करते. पॉलिसी देण्याआधी आलेल्या पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग काढलं जातं. त्या फोनवर 'सगळ्याला हो म्हणा' असं एजंटनं आधीच पढवलेलं असतं, आणि बाई खरोखरच सगळ्याला हो म्हणालेल्या असतात. तोंडी दिलेल्या वचनाचा पुरावा नसतो, सहीचा असतो.

फ्री-लूकमध्ये यातलं काहीही सिद्ध करावं लागत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत ग्राहक ती परत करू शकतो. अटी पटल्या नाहीत एवढं कारण त्याला पुरतं. अट इतकीच की पॉलिसीवर दावा केलेला नसावा. पूर्वी कागदी पॉलिसीला बहुतेक वेळा १५ दिवसच मिळत. जुन्या माहितीवर विसंबून 'मुदत गेली' असं कुणी सांगितलं, तर ते मान्य करू नका.

म्हणून आधी रद्द करण्याचं पत्र द्या, फसवणुकीची तक्रार स्वतंत्र ठेवा. पत्र विमा कंपनीला द्यायचं. पॉलिसी बँकेनं विकली असली तरी बँक ही फक्त विक्रेती. 'मी साहेबांशी बोलतो', 'पुढच्या आठवड्यात फॉर्म पाठवतो' अशी उत्तरं मिळत राहतात आणि तीस दिवस उलटतात.

मुदत कधीपासून मोजायची, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. आता पॉलिसी ईमेलवरही येते. ३ जूनला ईमेल आला आणि ११ जूनला कुरिअर, तर कंपनी ३ जूनच धरणार असं समजून चाला. बॉण्डसोबत प्रस्ताव अर्जाची प्रत असते, ती नीट वाचा. कधी त्यात ईमेल आणि मोबाइल नंबर एजंटनं स्वतःचेच टाकलेले असतात, म्हणजे ईमेल तुम्हाला कधी मिळालेलाच नसतो. निवृत्त शिक्षिकेचा 'व्यवसाय' आणि भलतंच उत्पन्नही तिथेच सापडतं. असं काही दिसलं तर पत्रात एका वाक्यात लिहा, आणि कुरिअरचं पाकीट तारखेसकट जपून ठेवा.

या बाईंचं पत्र साधारण असं असेल:

"प्रति, ग्राहक सेवा विभाग. विषय: फ्री-लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून हप्ता परत मिळण्याबाबत. पॉलिसी क्रमांक (…). वरील पॉलिसीचा दस्तऐवज मला ११ जून रोजी कुरिअरने मिळाला. प्रस्ताव अर्जातील ईमेल पत्ता माझा नाही. त्यावर पाठवलेला दस्तऐवज मला मिळालेला नाही. पॉलिसीची मुदत २० वर्षे व हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे या अटी मला मान्य नाहीत. विक्रीच्या वेळी मला वार्षिक १० टक्के हमी परतावा सांगण्यात आला होता. मी कोणताही दावा केलेला नाही. फ्री-लूक तरतुदीनुसार पॉलिसी रद्द करावी व नियमानुसार कपात करून हप्ता सोबतच्या रद्द धनादेशावरील खात्यात जमा करावा. पुढील हप्त्यांसाठीची ऑटो-डेबिट परवानगी रद्द करावी. या पॉलिसीऐवजी दुसरी पॉलिसी नको. कपातीचा तपशील लेखी द्यावा."

खाली तारीख, प्रस्ताव अर्जावर आहे तशीच सही. सोबत मूळ बॉण्ड, रद्द धनादेश आणि ओळखपत्राची प्रत. 'फसवलं' हा शब्द पत्रात नाही, पण दिलेलं वचन एका वाक्यात नोंदवलेलं आहे. पुढे तक्रार करायची झाली तर ते वाक्य उपयोगी पडतं. शेवटून दुसरी ओळही मुद्दाम घातली आहे, कारण पत्र पोचलं की 'रद्द कशाला, दुसरा प्लॅन देतो' असा फोन येतोच.

पत्र शाखेत नेलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय मूळ बॉण्ड देऊ नका, आणि देण्याआधी त्याचं पानन् पान स्कॅन करा. पोच द्यायला कुरकुर केली तर स्पीड पोस्टनं पाठवा. त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवरही पत्र धाडा आणि विनंतीचा क्रमांक मागून घ्या. एजंटला फोनवर सांगणं म्हणजे अर्ज करणं नव्हे.

कपात तीनच गोष्टींची होते: जितके दिवस विमा-संरक्षण होतं तितक्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, आणि मुद्रांक शुल्क. तपासणी झाली नसेल तर १ लाखाच्या हप्त्यातून जाणारी रक्कम सहसा किरकोळ असते. एजंटचं कमिशन तुमच्या पैशातून कापता येत नाही. युलिप असेल तर हिशेब युनिटच्या त्या दिवशीच्या भावावर होतो, म्हणून बाजार पडलेला असेल तर तेवढी घट सोसावी लागते.

विनंती मिळाल्यापासून ७ दिवसांत पैसे परत द्यावेत, असा नियम आहे. आले नाहीत किंवा 'मुदत संपली' असं उत्तर आलं, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा आणि नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतरची पायरी विमा लोकपालाची. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीनं नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जाता येतं. मुंबई आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालयं आहेत.

तीस दिवस खरोखरच उलटून गेले असतील, तर मात्र वाट वेगळी. तेव्हा चुकीच्या विक्रीचीच तक्रार करावी लागते आणि पुरावा तुम्हाला द्यावा लागतो: विकणाऱ्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला हिशेब, कागदाच्या चिटोऱ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेले '१० लाखांचे २० लाख', अर्जातलं खोटं उत्पन्न. तो चिटोरा पहिल्याच दिवशी मागून घ्या.