एका ठिपक्याचा फरक

फोटोत तीन गेट. वरचे ऑर, खालचे नॅंड. दोघांनाही A आणि B जोडलेले. त्यांची उत्तरे शेवटच्या अॅंडमध्ये शिरतात. वाचन डावीकडून सुरू करावे आणि प्रत्येक गेटच्या तोंडाशी त्याचे उत्तर लिहावे: वर A+B, खाली (AB)'. म्हणून:

Y = (A+B)(AB)'

डी मॉर्गनच्या नियमाने (AB)' म्हणजे A'+B'. गुणाकारात AA' आणि BB' शून्य होऊन गळतात. उरते:

Y = AB' + A'B

हे तर एकटे एक्सऑर गेट!

गंमत नॅंडच्या टोकावरच्या इवल्या वर्तुळाची. धूसर फोटोत ते पुसले गेले, तर नॅंडचे अॅंड होते आणि उत्तर नुसते AB येते. शंका आली, तर दोन्हीकडे 1 घालून पाहावे: वर्तुळ असेल तर 0, नसेल तर 1. प्रश्नासोबत सत्यता सारणी असेल, तर तिची शेवटची ओळ लगेच निकाल देते.