स्टेटस टाकण्याआधी

आपल्याकडे मरणाची बातमी परगावी सरळ सांगत नसत. ‘तब्येत जरा जास्त आहे, मिळेल त्या गाडीनं निघ’ एवढंच कळवायचं. फोन करणाऱ्याला खरं माहीत असे, ऐकणाऱ्यालाही बहुतेक अंदाज येई, पण प्रवास एकट्यानं करायचा असल्यामुळे दोघंही ते बोलत नसत. दारात पोचल्यावर कुणीतरी धरायला असे, मग उलगडा होई. व्हॉट्सअॅपनं ही सोय काढून घेतली. लेक नाशिकहून गाडीत बसते, मनमाडच्या आसपास सहज फोन उघडते, आणि चुलत दिराच्या स्टेटसवर वडिलांचा हार घातलेला फोटो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दिराचा हेतू वाईट नसतो. त्याला पहाटे फोन आला, त्यानं सहाला स्टेटस टाकलं, बस्स.

म्हणून फेसबुकवर लिहावं की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कोणाला ही बातमी फोनवरच कळायला हवी. ही यादी सहसा आठ-दहा नावांची असते: मुलं, भावंडं, परदेशातले जवळचे, एखादा जिवलग मित्र. ती कागदावर लिहून दोघांत वाटून घ्यावी, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एक वाक्य न विसरता म्हणावं: ‘अजून कुठंही टाकू नका, ताईला कळायचं आहे. तिला कळलं की मी सांगतो.’ एवढं स्पष्ट सांगितलं तर बहुतेक माणसं थांबतात. नुसतं ‘बघा, जपून’ म्हटलं तर नाही थांबत. जुनं ‘तब्येत जास्त आहे’ आता धोक्याचं झालं आहे. ताई प्रवासात असेल तर तिच्यासोबत कोण आहे ते विचारून, शक्य असल्यास त्या सोबत्याला आधी सांगून, तिला खरं सांगून टाकावं. स्टेटसवर वाचण्यापेक्षा ते बरं.

घाई किती महागात पडते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यातल्या रुग्णालयात अत्यवस्थ होते. ते गेले अशी बातमी रात्रीत पसरली, नामवंतांनी श्रद्धांजलीही वाहिली, आणि घरच्यांना पुढे येऊन ते हयात असल्याचं सांगावं लागलं. त्यांचं निधन २६ नोव्हेंबरला झालं. मोठ्या माणसाच्या घरच्यांना निदान खुलासा छापून आणता येतो. आपल्या घरी व्हेंटिलेटरवरच्या माणसाबद्दल ‘गेले म्हणे’ ग्रुपवर फिरलं तर सतरा ठिकाणी फोन करत बसावं लागतं. मृत्यूची खात्री डॉक्टरांकडून झाल्याशिवाय आणि घरातल्या एका ठरलेल्या माणसाच्या तोंडून आल्याशिवाय बातमी बाहेर जाऊ नये.

आता मजकूर. समजा, सांगलीतले एक निवृत्त मुख्याध्यापक मंगळवारी पहाटे चारला गेले. नातू ग्रुपवर लिहितो: ‘आमचे आजोबा आज पहाटे गेले. अंत्ययात्रा आज ११ वाजता घरून.’ घरच्या ग्रुपवर हे पुरतं. पण हाच निरोप तीन ग्रुप ओलांडून जातो तेव्हा ‘आमचे’ म्हणजे कोणाचे ते कळत नाही, पुढे पाठवणाऱ्याचेच आजोबा गेले असं समजून लोक भलत्याच घरी फोन करतात. ‘आज’ तर त्याहून फसवा. निरोप बुधवारी सकाळी वाचणारा माणूस बुधवारी अकराला दारात हजर. म्हणून निधनवार्ता तिसऱ्या माणसाच्या भाषेत लिहावी, वर्तमानपत्रांचा जुना साचा उगाच टिकलेला नाही. पूर्ण नाव, ओळख (‘अमुक विद्यालयाचे निवृत्त मुख्याध्यापक’), वय, निधनाचा वार आणि तारीख, अंत्यविधीची वेळ वार-तारखेसह, पश्चात असलेला परिवार, आणि संपर्कासाठी पुतण्याचा किंवा भाच्याचा नंबर. पत्नीचा किंवा मुलाचा नंबर घालू नये, त्यांचा फोन दिवसभर वाजत राहतो.

फेसबुकच्या सार्वजनिक पोस्टमध्ये मात्र घराचा पत्ता नको. अंत्ययात्रेच्या वेळी घर रिकामं असतं हे चोरालाही वाचता येतं. तिथे स्मशानभूमीचं नाव आणि वेळ पुरे. जन्मतारीख पूर्ण देऊ नये, मृत्यू दाखल्याचा फोटो तर मुळीच नको.

पोस्ट गेलेल्या माणसाच्या अकाउंटवरून टाकण्याचा मोह होतो, कारण त्यांचे विद्यार्थी तिथे आहेत. पण ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या पडद्यावर सरांचंच नाव येतं आणि खाली सर वारल्याचं लिहिलेलं, हे अंगावर येतं. मुलानं स्वतःच्या अकाउंटवरून लिहून वडिलांना टॅग करणं बरं. टॅग तपासून घेण्याची सेटिंग त्यांनी चालू ठेवली असेल तर पोस्ट त्यांच्या पानावर आपोआप दिसत नाही. मग त्यांच्याच फोनवरून लिहावं लागलं तर पहिलंच वाक्य ‘मी त्यांचा मुलगा लिहितो आहे’ असं हवं.

मग कॉमेंट येतात. शंभरातल्या नव्वद हात जोडलेल्या, त्यांना उत्तर द्यावं लागत नाही. संध्याकाळी सर्वांसाठी एक ओळ लिहिली की झालं. अडचण होते ती ‘काय झालं होतं?’ या प्रश्नाची. तो काळजीतूनच येतो, पण त्याला एकदा उत्तर दिलं की ‘कोणत्या हॉस्पिटलात?’, ‘लस घेतली होती का?’, ‘आधी आमच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं’ अशी रांग लागते. कारण सांगायचं असेल तर मूळ पोस्टमध्येच दोन शब्दांत सांगावं: ‘अल्पशा आजाराने’, ‘हृदयविकाराने’. सांगायचं नसेल तर ‘घरच्यांना सध्या याविषयी बोलायचं नाही’ असं भाच्यानं एकदा लिहावं आणि पुढचे तसले प्रश्न काढून टाकावेत. आत्महत्या असेल तर कोणत्या पद्धतीनं, कुठे, चिठ्ठीत काय होतं, यातलं काहीच लिहू नये आणि कॉमेंटमध्ये आलं तर लगेच काढावं. अशा तपशिलांचा आधीच खचलेल्या वाचकावर परिणाम होतो. रुग्णालयावर राग असेल तरी त्याच रात्री नाव घेऊन लिहू नये. तक्रार करायचीच असेल तर कागदपत्रं हाती आल्यावर करता येते. कॉमेंटमधले ‘केस ठोका’ म्हणणारे मात्र तेव्हा सोबत येत नाहीत.

कॉमेंट बघण्याचं काम ज्याचं दुःख ताजं आहे त्याचं नव्हे. ते भाच्याकडे द्यावं. फेसबुकवर सार्वजनिक पोस्टला कोणी कॉमेंट करायची हे मर्यादित करता येतं, इन्स्टाग्रामवर कॉमेंट बंदच करता येतात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अॅडमिन ‘फक्त अॅडमिननीच लिहावं’ अशी सोय करू शकतो. तेवढ्यानं अंत्ययात्रेची वेळ तीनशे नमस्कारांखाली गाडली जात नाही. चुकीचा निरोप गेला असेल तर सर्वांसाठी डिलीट करण्याची मुदत साधारण दोन दिवस असते, पण पुढे पाठवलेल्या प्रती त्यानं जात नाहीत. दुरुस्तीचा नवा निरोप पाठवावाच लागतो.

भाच्याला आणखी एक काम द्यावं. त्या नमस्कारांत एखादा विद्यार्थी लिहितो की सरांनी त्याची फी भरली होती आणि घरी कळू दिलं नव्हतं. अशा कॉमेंटचे स्क्रीनशॉट बाजूला ठेवावेत. आज कोणी वाचणार नाही, तेराव्यानंतर घरातले वाचतील.

फेसबुकला मृत्यूचा पुरावा देऊन अकाउंट स्मरणार्थ करून घेता येतं, त्यानंतर वाढदिवसाच्या आठवणी मित्रांना जात नाहीत. पण मग पासवर्ड माहीत असला तरी कोणालाच त्यात शिरता येत नाही. म्हणून आधी फोटो उतरवून घ्यावेत, मग अर्ज करावा. त्याला घाई नाही, महिन्यानं केला तरी चालतो.