पेणचे सगळेच पेणकर का नाहीत?

शाळेच्या स्नेहसंमेलनात आडनावांवरचं नाटुकलं हमखास बसतं. पाहुणे खुर्चीत बसतात आणि मुलं एकेक करून पुढे येतात. मी वाघ, माझ्या खापरपणजोबांनी वाघ मारला. मी गोडबोले, आमच्या घरी सगळे गोड बोलतात. मी मोरे, म्हणजे थेट चंद्रगुप्त मौर्याच्या घराण्यातला. टाळ्या पडतात, पण यातल्या बऱ्याच गोष्टी आडनावाकडे बघून मागाहून रचलेल्या असतात. पाचवी ते सातवीच्या मुलांना बसवता येईल असं एक नाटुकलं खाली देतो आहे. त्यात गंमत आहे, पण मुलं जे बोलतात ते तपासता येईल असं आहे. मधे मधे मी तोंड घालणार आहे, तो भाग अर्थातच रंगमंचावर म्हणायचा नाही.

पाहुण्या मुद्दाम मदुराईच्या घेतल्या आहेत. तमिळनाडूत बहुतेक लोक आडनाव लावतच नाहीत, नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. त्यामुळे आपल्याला जे प्रश्न कधी पडत नाहीत, ते त्यांना सहज पडू शकतात.

(वर्ग. बाई पाहुण्यांना घेऊन येतात. मुलं उभी राहतात.)

बाई : मुलांनो, या पार्वती मॅडम. पुण्यात राहायला आल्यात, मराठी छान बोलतात.

पार्वती : माझं नाव एम. पार्वती. एम म्हणजे मुथुस्वामी, माझे वडील. तुमच्याकडे मात्र प्रत्येकाला आडनाव. सांगा बघू, कुणाचं काय?

सई : मी सई पेणकर. आम्ही मूळचे पेणचे.

पार्वती : म्हणजे पेणमध्ये सगळे पेणकरच असतील!

सई : नाही ना मॅडम! पेणमध्ये पेणकर हाक मारून कळणार कुणाला? तिथे सगळेच पेणचे. माझे खापरपणजोबा मुंबईला गोदीत कामाला लागले, तेव्हा लोक म्हणायला लागले, तो पेणकर आला. पेणमध्ये आमचे भाऊबंद आहेत, ते अजून म्हात्रेच लावतात.

इथेच पहिला आणि सगळ्यात पसरलेला गैरसमज निघतो. ‘कर’ लागलं की ते कुटुंब पिढ्यान् पिढ्या त्या गावात राहत आलं, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा हे आडनाव गाव सुटल्यावर चिकटलेलं असतं. मल्हारराव होळकरांचं बघा. घराणं होळ गावचं, पण वडील गेल्यावर मल्हारराव वाढले ते खानदेशात तळोद्याला, मामा भोजराज बारगळ यांच्याकडे. होळच्या पोराची होळकर ही ओळख होळबाहेरच उपयोगाची. दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं ते मंगेशी गावावरून, आणि ते गाजलं गोव्याबाहेरच्या नाटकमंडळ्यांतून. गोव्यात आणि तळकोकणात मात्र गावात राहणाऱ्यालाही ‘कर’ लावून ओळखण्याची रीत आहे, तेव्हा हा नियम सरसकट लावू नये.

‘कर’वाले सगळे एका जातीचे, हा दुसरा समज तर चार आडनावं शेजारी ठेवली की गळून पडतो. होळकर धनगर, सावरकर चित्पावन, आंबेडकर महार. आणि केहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर ही आडनावं कोकणातल्या ज्यूंमध्ये, म्हणजे बेने इस्राएल समाजातही आहेत. किहीम, रोहा, पेण आणि चौल ही सगळी रायगड जिल्ह्यातली गावं. बेने इस्राएलांचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्या हाईम सॅम्युएल केहीमकरांच्या आडनावात अलिबागजवळचं किहीम आहे. सईच्या आडनावावरून फार तर एका गावाचा पत्ता लागतो, त्यापलीकडे काही नाही.

(मानसी आणि अन्वर पुढे येतात. दोघांना एकदमच बोलायचं आहे.)

मानसी : मी फडणीस! नाना फडणीसांच्या घराण्यातली!

अन्वर : कशावरून?

मानसी : कशावरून म्हणजे? आडनाव सारखंच आहे की!

अन्वर : पण नाना फडणीसांचं आडनाव फडणीस नव्हतंच. ते भानू. बाळाजी जनार्दन भानू, वेळासचे.

मानसी : (बाईंकडे बघून) बाई, हा काहीही सांगतो!

बाई : खरं सांगतोय तो. फडणीस हा हुद्दा आहे. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, नवीस म्हणजे लिहिणारा. दोन्ही शब्द फारसीतून आले.

पार्वती : म्हणजे आमच्या बँकेतल्या अकाउंटंटला उद्या सगळे अकाउंटंट म्हणूनच ओळखतील, तसं?

अन्वर : हो, आणि त्याची नातवंडंसुद्धा तेच आडनाव लावतील! माझंही तसंच. मी देशमुख.

पार्वती : अन्वर देशमुख? पण देशमुख तर...

अन्वर : सगळे असंच म्हणतात, मॅडम. देशमुख म्हणजे परगण्याचा वतनदार. वतन ज्या घराकडे, त्या घराचं ते नाव. मराठा देशमुख आहेत, ब्राह्मण आहेत, आम्ही मुसलमान आहोत.

नाटुकल्यातला हा माझा आवडता भाग, कारण शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात मुलांना पुढे जे भेटणार, ते इथे आधीच भेटतं. पाटील गावचा प्रमुख आणि कुलकर्णी गावचे हिशेब लिहिणारा. त्यांच्या वर परगण्यात देशमुख आणि देशपांडे. हे हुद्दे वंशपरंपरेनं चालत, म्हणून हुद्द्याचं आडनाव झालं आणि घराण्याचं जुनं आडनाव मागे पडलं. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे मूळचे शिधये. घराण्याकडे देशमुखीचं वतन होतं म्हणून ते देशमुख. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे, आणि पुढे घराणं चिटणीस म्हणूनच ओळखलं गेलं. प्रत्येक मोठ्या सरदाराच्या दरबारात एक फडणीस असे. तेव्हा आजचे दोन फडणीस एकमेकांचे कुणी लागतातच असं नाही, आणि नाना फडणीसांचे तर त्याहून नाही. पाटलांचं तेच. मराठा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी, लेवा या सगळ्यांत पाटील आहेत. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं गेली, पुढे महाराष्ट्रात महसुली पाटलांचं पद 1962 च्या कायद्यानं गेलं. आडनावं तेवढी राहिली.

(वरद उडी मारून पुढे येतो, वाघासारखा गुरगुरतो.)

वरद : मी वाघ! आमच्या पूर्वजांनी वाघ मारला म्हणून आम्ही वाघ!

पार्वती : अरे बापरे! आणि तू, बाळा?

केतकी : मी कोल्हे. आमच्या पूर्वजांनी कोल्हा मारला असं आमच्याकडे कुणी सांगत नाही.

(सगळे हसतात.)

वरद : (जरा ओशाळून) मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, आमच्याकडे असं सांगतात.

बाई : मग तूही तसंच म्हण. ‘असं सांगतात.’

केतकीच्या वाक्यावर हशा येतो, पण त्यात एक खरी कसोटी आहे. शौर्याची गोष्ट वाघ आणि ढाणे यांच्याच वाट्याला येते, कोल्हे, लांडगे आणि कावळे यांच्या वाट्याला नाही. आडनाव बघून गोष्ट बेतलेली असेल तर ती अशीच सोयीची निघणार. प्राण्यांची आडनावं टोपणनावावरून आली असतील, देवकावरून असतील, आणखी कशावरून असतील. घरोघरी कारण वेगळं असू शकतं आणि कागद नसेल तर ते सांगता येत नाही. मोरे म्हणजे मौर्य, चाळके म्हणजे चालुक्य, शेलार म्हणजे शिलाहार, कदम म्हणजे कदंब ही जुळणीही मुख्यतः ध्वनीवर उभी आहे. मौर्य साम्राज्य इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातच संपलं. तिथपासून एखाद्या गावातल्या मोऱ्यांपर्यंत नुसत्या आवाजाच्या दोरीनं पोचता येत नाही, मधल्या पिढ्यांचे कागद लागतात. घराण्याचा अभिमान असायला हरकत नाही, पण तो नाटुकल्यात माहिती म्हणून सांगू नये.

पार्वती : पण एक सांगा. आडनाव एकदा लागलं की बदलतच नाही का?

ओवी : बदलतं ना! महात्मा फुल्यांचं आडनाव आधी गोऱ्हे होतं. घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवायला लागले आणि फुले झाले.

सई : आणि बाबासाहेबांच्या घरचं सकपाळ. गाव आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला नाव घातलं, ते भिवा रामजी आंबेडकर.

पार्वती : म्हणजे शाळेनं आडनाव पक्कं केलं!

बाई : पुष्कळांचं. म्हणून तर दाखला नीट लिहावा लागतो आम्हाला.

आडनावं अनादी काळापासून अशीच चालत आली, हा शेवटचा गैरसमज या चार वाक्यांत निघतो. भोसल्यांसारखी जुनी आडनावं होतीच, पण एकाच घराला गावावरून एक, धंद्यावरून दुसरं आणि वतनावरून तिसरं नाव असणं पूर्वी अगदी चालत असे. इंग्रजी अमलात शाळेचं रजिस्टर, पलटणीची यादी, जमिनीचे कागद आले. त्या दिवशी जे सांगितलं किंवा लिहिणाऱ्याला जे ऐकू आलं, ते पक्कं झालं. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत हेच आधी, बाप्तिस्म्याच्या वेळी घडलं. धर्मगुरूचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे. म्हणून फर्नांडिस किंवा डिसोझा आडनावामागे पोर्तुगीज पूर्वज असतोच असं समजू नये.

तपासायचं कसं, हे मुलांनाही जमतं. सईनं आजोबांच्या शाळेचा दाखला बघितला, त्यावर पेणकर होतं. मग गावच्या जमिनीचे जुने फेरफार बघितले, तिथे म्हात्रे निघालं. दोन्ही कागदांत बापाचं आणि आजाचं नाव जुळलं, तेव्हा घर एकच हे ठरलं. नुसतं आडनाव जुळून ते ठरत नाही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांच्या यात्रेकरूंची नावं पिढ्यान् पिढ्या लिहिलेली असतात. त्यातल्या जुन्या पानांसाठी मोडी वाचणारं माणूस सोबत लागतं.

नाटुकलं बसवणाऱ्या शिक्षकांना दोन विनंत्या. पात्रांची आडनावं तुमच्या वर्गातल्या मुलांची घ्या, पण कुणाच्याही तोंडी जात विचारणारं किंवा ओळखणारं वाक्य येऊ देऊ नका. अन्वरला अडवणारं पाहुण्यांचं अर्धं वाक्य तेवढं ठेवा, ते अर्धंच राहू द्या. आणि ज्या मुलाकडे कागद नाही, त्यानं आजोबांची गोष्ट सांगावी, शेवटी वरदसारखं ‘आमच्याकडे असं सांगतात’ म्हणावं.